दवंडी वेळेवर पिटली गेली का?

कोविडचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाद अजूनही हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी होती ती माणसं गेली, म्हणून इम्युनिटी वाढवा. काढे, गुळवेल, झिंकच्या गोळ्या, सोसायट्यांमधून वाटलेलं आर्सेनिकम आल्बम, हे सगळं या एका वाक्याच्या जोरावर घराघरांत पोचलं. दुसरी बाजू स्वतःला जास्त जाणकार समजते. ती म्हणते, उलट आहे सगळं. माणसं मेली ती ‘सायटोकाइन स्टॉर्म’ने, म्हणजे प्रतिकारशक्ती फार झाल्यामुळे. नाहीतर चाळिशीतली धडधाकट माणसं आठवड्याभरात कशी गेली असती? दोन्ही बाजू एकमेकींना अडाणी ठरवतात, पण एका गोष्टीवर दोघींचं गुपचूप एकमत आहे: प्रतिकारशक्ती ही एकच एक चीज असते आणि ती कमी किंवा जास्त असते. हे गृहीतकच चुकीचं आहे. गंभीर कोविडच्या पुष्कळ रुग्णांमध्ये प्रश्न कमी-जास्तीचा नव्हता, वेळेचा होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत इंटरफेरॉन नावाचा इशारा पेशींनी एकमेकींना दिला की नाही, यावर पुढचं बरंचसं ठरत होतं. आणि ज्या वादळाला आपण खुनी ठरवलं, ते बऱ्याचदा त्या न दिलेल्या इशाऱ्याचंच फळ होतं.

हा इशारा काय असतो ते आधी नीट पाहू, कारण वादात त्याचं नावही कुणी घेत नाही. १९५७ साली लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ते द्रवात ठेवले. मग तो द्रव काढून ताज्या पडद्यावर घातला आणि त्यावर जिवंत विषाणू सोडला. विषाणू वाढेना. मेलेला विषाणू जिवंताला अडवतो हे आधीच ठाऊक होतं. नवं होतं ते हे की अडवणारी गोष्ट विषाणूची नव्हतीच, पडद्याच्या पेशींनीच ती बाहेर सोडली होती. तिला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांना अशाच एका घटकाचा माग १९५४ मध्ये लागला होता, पण इतिहासात नाव राहिलं ते लंडनचं. त्या प्रयोगातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी द्रव, मग विषाणू. इंटरफेरॉन आधी पोचलं होतं म्हणून पडदा वाचला.

नंतरच्या साठ वर्षांत या यंत्रणेचे टप्पे उलगडत गेले. करोनाचा विषाणू नाकातल्या पेशीत शिरला की आपल्या आरएनएच्या प्रती काढायला लागतो आणि प्रत काढताना काही काळ दोन धागे एकमेकांना चिकटलेले असतात. असा लांबलचक दुहेरी आरएनए आपल्या पेशीत एरवी मोकळा फिरत नाही. एमडीए-५ नावाचं एक प्रथिन पेशीत सतत याच्याच शोधात असतं. ते या धाग्याला चिकटलं की मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, तिथून निरोप पेशीकेंद्रात जातो आणि इंटरफेरॉनचं जनुक जागं होतं. तयार झालेलं इंटरफेरॉन पेशीबाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींच्या दारावर निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे ग्राहकांना, जाऊन भिडतं. गावात साथ शिरली की पहिल्या घरातून दवंडी पिटली जावी, तसं हे आहे. दवंडी देणारं घर बहुधा वाचत नाही. ती असते शेजाऱ्यांसाठी.

शेजारी ती ऐकून काय करतात हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. त्या पेशीत शेकडो जनुकं एकदम चालू होतात आणि त्यातली बरीचशी प्रथिनं तयार होऊन नुसती बसून राहतात. पीकेआर नावाचं प्रथिन त्यातलंच. विषाणू आत आला आणि दुहेरी आरएनए दिसला, तरच ते कामाला लागतं आणि पेशीचा प्रथिनं बनवण्याचा सगळा कारखाना बंद पाडतं. विषाणूला स्वतःचा कारखाना नसल्यामुळे त्याचंही काम थांबतं. ओएएस हे दुसरं. दुहेरी आरएनए दिसताच ते एक छोटा रेणू बनवतं, तो रेणू एका आरएनए कापणाऱ्या विकराला जागं करतो, आणि ते विकर समोर येईल तो आरएनए कापत सुटतं, मग तो विषाणूचा असो की पेशीचा. म्हणजे तयारी आधी, घाव नंतर; आणि घाव स्वतःवरही. यातच इंटरफेरॉनची किंमत दडलेली आहे. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, ताप चढतो, जेवण जात नाही, त्यात इंटरफेरॉनचा वाटा मोठा असतो. हिपॅटायटिस सीसाठी ज्यांनी महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली, त्यांना कुठलाही फ्लू झालेला नसताना हीच लक्षणं भोगावी लागत. काहींना तर इतकं नैराश्य येई की उपचार सोडावे लागत. जी गोष्ट स्वतःचाच कारखाना बंद पाडते, ती ‘वाढवलेली’ बरी असं कोण म्हणेल?

ही दवंडी किती परिणामकारक असते याचा पुरावा पुण्यातही आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातल्या रुग्णांमधून करोनाचा विषाणू वेगळा काढला तो व्हेरो पेशींमध्ये; पुढे कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही व्हेरो पेशींतच वाढवला गेला. या पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केल्या गेल्या आणि जगभरच्या विषाणू प्रयोगशाळा त्यांच्यावर अवलंबून आहेत. का? एक मोठं कारण असं की या पेशींच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून गेलेला आहे आणि त्या तुकड्यात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची जनुकं होती. या पेशींना दवंडी ऐकू येते, पण स्वतः देता येत नाही. म्हणून विषाणू एका पेशीतून दुसरीत निर्धास्त पसरतो आणि तीन-चार दिवसांत प्लेटवर मेलेल्या पेशींचे गोल ठिपके दिसू लागतात. त्याच प्लेटमध्ये विषाणूच्या एक दिवस आधी बाहेरून इंटरफेरॉन घातलं, तर ठिपके फारच थोडे पडतात. विषाणू चांगला पसरल्यावर तेच इंटरफेरॉन तेवढंच घाला, फारसा फरक पडत नाही. मात्रा तीच, पेशी त्याच, विषाणू तोच. बदलली फक्त वेळ.

मग करोनाचा विषाणू या यंत्रणेपुढे टिकला कसा? तर त्याने आपलं बळ दवंडी दाबण्यावर खर्च केलं. आरएनएच्या प्रती तो पेशीच्या आत दुहेरी पडद्याच्या फुग्यांत काढतो, त्यामुळे दुहेरी धागा पहारेकऱ्याच्या नजरेला कमी पडतो. आपल्या आरएनएच्या टोकाला तो पेशीच्या स्वतःच्या आरएनएसारखी रासायनिक टोपी चढवतो. एवढं करूनही पहारा जागा झालाच, तर त्याची पुढची दोन प्रथिनं तयार असतात. ओआरएफ-६ हे पेशीकेंद्राच्या दारातल्या वाहतूक यंत्रणेला चिकटून बसतं, त्यामुळे निरोप आत जात नाही आणि आत लिहिला गेलेला हुकूम बाहेर येत नाही. एनएसपी-१ तर पेशीच्या रायबोसोममध्ये ज्या खाचेतून संदेश-आरएनए सरकतो, तिथेच बूच मारून बसतं. परिणामी इंटरफेरॉनचं जनुक चालू झालं, संदेश निघाला, तरी त्याचं प्रथिन बनत नाही. विषाणूचे स्वतःचे संदेश मात्र त्यांच्या पुढच्या टोकाच्या खास रचनेमुळे या बुचाला चकवून निघून जातात. २०२० च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पसरलेल्या अल्फा उपप्रकारात ओआरएफ-६ सारखी प्रथिनं आधीच्या विषाणूपेक्षा जास्त प्रमाणात बनत होती. आपण सगळे तेव्हा काट्यांच्या प्रथिनातल्या बदलांची चर्चा करत होतो. हा बदल कुणाच्या चर्चेत आलाच नाही.

याला कुणी म्हणेल, हे तर प्रयोगशाळेतलं झालं. गंभीर रुग्णात तर प्रतिकारशक्तीचा उद्रेक प्रत्यक्ष दिसत होता. आयएल-६ वाढलेलं, सीआरपी वाढलेलं, फेरिटिन वाढलेलं, हे रिपोर्ट आपण स्वतः पाहिलेत. खरंच पाहिलेत. पण २०२० मध्येच न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या डॅनिएल ब्लँको-मेलो, बेंजामिन टेनएव्हर आणि सहकाऱ्यांनी पेशींमध्ये, फेरेट या प्राण्यांमध्ये आणि रुग्णांच्या नमुन्यांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मोजल्या. इतर श्वसनविषाणूंच्या तुलनेत करोनात इंटरफेरॉन अगदी कमी होतं, आणि दाहक पेशींना बोलावणारे रेणू मात्र भरपूर होते. म्हणजे शेजारणी दारं लावायच्या आधीच घराघरात आगी लागल्या आणि मग सगळी फौज गावात घुसली. वादळ दिसतं ते दहाव्या दिवशी, कारण तेव्हा आपण रक्त तपासतो. दुसऱ्या दिवशी दवंडी गप्प होती याचा पुरावा कुणी मागत नाही.

वेळेचा मुद्दा याहून ठामपणे सिद्ध झाला तो उंदरांवर, आणि तो कोविडच्याही आधी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन यांच्या गटाने उंदरांना २००३ च्या पहिल्या सार्स विषाणूची बाधा केली. विषाणू झपाट्याने वाढला, इंटरफेरॉन मागाहून आलं, आणि त्या उशिरा आलेल्या इंटरफेरॉनने दाहक पेशींची फुप्फुसात गर्दी करवून उंदीर मारले. ज्या उंदरांना इंटरफेरॉन ऐकूच येत नव्हतं ते वाचले. एवढंच सांगितलं तर ‘प्रतिकारशक्तीनेच मारलं’ म्हणणारी बाजू जिंकली असं वाटेल. पण त्याच प्रयोगमालेत साध्या उंदरांना बाधेनंतर लगेच बाहेरून इंटरफेरॉन दिलं, तेव्हा तेही वाचले. एकच रेणू लवकर आला तर तारतो, उशिरा आला तर मारतो. याला कमी म्हणायचं की जास्त?

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा स्टेरॉइडचा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या डेक्सामेथासोनने माणसं वाचली, हे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने निर्विवाद दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर २८ दिवसांत ४१.४ टक्के मृत्यू झाले, डेक्सामेथासोनवर २९.३ टक्के. पण त्याच चाचणीतल्या तिसऱ्या गटाचे आकडे लोक पाहतच नाहीत. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध न घेतलेल्यांपैकी १४ टक्के दगावले आणि घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, तरी फायदा नव्हता एवढं स्पष्ट होतं आणि नुकसानीची शक्यता होती. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे काय झालं? ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनवरून लोकांनी स्टेरॉइड सुरू केले. दवंडी पिटली जायच्या घटकेलाच तिचा आवाज दाबला. मधुमेह आणि स्टेरॉइड या जोडीने पुढे म्युकरमायकोसिसचे किती रुग्ण महाराष्ट्राने पाहिले, हे नाक-कान-घशाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं. ‘प्रतिकारशक्ती जास्त झाल्याने माणसं मरतात’ हे वाक्य अर्धवट समजलं की त्याची अशी किंमत पडते. काढ्याने निदान डोळे तरी जात नाहीत.

माझ्या मताविरुद्धचा खरा कठीण पुरावा वेगळाच आहे. इंटरफेरॉन इतकं महत्त्वाचं असेल तर ते औषध म्हणून दिल्यावर रुग्ण वाचायला हवेत. वाचले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत इंटरफेरॉनच्या अनेक प्रकारांपैकी एक, इंटरफेरॉन बीटा, दिलेल्या २०५० रुग्णांपैकी २४३ दगावले. तुलनेच्या गटात तितक्याच रुग्णांपैकी २१६. या चाचणीच्या भारतातल्या भागाचं समन्वयन पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने केलं होतं, तेव्हा ही काही कुठली परकी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत तर आधीच भरपूर ऑक्सिजनवर असलेल्यांना इंटरफेरॉनने त्रास वाढला म्हणून त्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. पण हे रुग्ण होते कोण? इस्पितळात दाखल झालेले, बहुसंख्य आधीच ऑक्सिजनवर, लक्षणं सुरू होऊन बरेच दिवस लोटलेले. पर्लमन यांचे उंदीर आठवले तर हा निकाल अनपेक्षित वाटतच नाही.

आणि हा धडा काही नवा नव्हता. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या ‘कॉमन कोल्ड युनिट’मध्ये स्वयंसेवकांच्या नाकात माणसाच्या रक्तपेशींतून काढलेलं इंटरफेरॉन आदल्या दिवसापासून फवारलं आणि मग सर्दीचा विषाणू टाकला. बहुतेकांना सर्दी झाली नाही. मग ऐंशीच्या दशकात जनुकतंत्राने हवं तेवढं इंटरफेरॉन बनू लागलं आणि वाटलं, सर्दीचा निकाल लागला. घरात एकाला सर्दी झाली की बाकीच्यांनी फवारा मारायचा, अशा चाचण्याही झाल्या आणि ऱ्हायनोव्हायरसपुरत्या यशस्वीही झाल्या. पण रोज मारायला लागलं की नाक चोंदायचं, रक्त यायचं. प्रतिबंध सर्दीइतकाच त्रासदायक ठरला. आणि सर्दी झाल्यावर मारलेल्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नसे. त्याच काळात कर्करोगावरचा रामबाण म्हणून इंटरफेरॉनचा गाजावाजा झाला आणि काही थोडे कर्करोग सोडता तोही ओसरला. म्हणजे अति आशा आणि मग अति निराशा, हे चक्र एकदा पुरं झालेलं होतं. २०२० मध्ये ते पुन्हा फिरवायची गरज नव्हती.

भारतात ते फिरलंच. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट शिखराकडे चाललेली असताना, औषध महानियंत्रकांनी पेगिलेटेड, म्हणजे शरीरात जास्त काळ टिकेल असं बदललेलं, इंटरफेरॉन अल्फा-२बी हे ‘विराफिन’ नावाने मध्यम आजाराच्या प्रौढांसाठी आपत्कालीन वापराला मंजूर केलं. सांगितलेला आकडा होता: सातव्या दिवशी आरटी-पीसीआर निगेटिव्ह ९१.१५ टक्के, नेहमीच्या उपचारांवर ७८.९० टक्के. वर्तमानपत्रांनी मथळे दिले आणि लोकांनी औषधाची दुकानं पालथी घातली. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, आकडा वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नाकातला विषाणूचा आरएनए दोन-तीन दिवस आधी नाहीसा होणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘मध्यम’ आजार म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत दवंडीची वेळ टळलेली असते. टीव्हीवरच्या एकाही चर्चेत ‘लक्षणं सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी दिलं?’ हा प्रश्न मी ऐकला नाही. किंमत किती, साठा किती, काळाबाजार कुठे, एवढंच.

तो प्रश्न विचारणारी चाचणी पुढे झाली. ‘टुगेदर’ नावाच्या, मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीत इस्पितळात न गेलेल्या, लक्षणं सुरू होऊन सात दिवसांच्या आतल्या रुग्णांना इंटरफेरॉन लॅम्डाचं एकच इंजेक्शन दिलं. ९३१ जणांपैकी २५ जणांना भरती व्हावं लागलं किंवा आणीबाणीच्या कक्षात तासन्‌तास ठेवावं लागलं; लॅम्डा न मिळालेल्या १०१८ पैकी ५७ जणांना. टक्केवारीत २.७ विरुद्ध ५.६. बहुतेकांचं लसीकरण झालेलं होतं, तरी धोका निम्म्यावर आला. इथे वेळेइतकीच जागाही महत्त्वाची ठरली. अल्फा आणि बीटा इंटरफेरॉनचे ग्राहक जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात. लॅम्डाचे मुख्यतः श्वसनमार्ग आणि आतड्याच्या अस्तरावर असतात. म्हणून अंगदुखी आणि तापाचा त्रास कमी. अर्थात लॅम्डाही निर्दोष नाही. उंदरांत ते फार काळ राहिलं तर फुप्फुसाच्या अस्तराची दुरुस्ती लांबते आणि मागाहून येणाऱ्या जिवाणूंचं फावतं, हे २०२० मध्येच दिसलं होतं. म्हणजे लवकर द्या आणि लवकर थांबा.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप रास्त आहे: हे सगळं कागदावर ठीक, पण रुग्ण आमच्याकडे येतो तोच पाचव्या दिवशी. पहिले दोन दिवस तो अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी घरगुती उपाय करतो, चौथ्या दिवशी क्रोसिन घेतो. मान्य. पण मग ही अडचण इंटरफेरॉनची नाही, तपासणी उशिरा होण्याची आहे, आणि ती विषाणूवर थेट मारा करणाऱ्या प्रत्येक औषधाला तितकीच लागू आहे. ज्या देशात दोन तासांत घरबसल्या जेवण येतं, तिथे पहिल्या दिवशी चाचणी अशक्य आहे हे मला पटत नाही.

आता पहिल्या बाजूकडे वळू. इम्युनिटी वाढवा म्हणणारे विचारतील, इंटरफेरॉन कमी पडल्यानेच माणसं गंभीर झाली ना? मग कमी होतंच की! या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलं. जीवघेणा कोविड न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. सौम्य आजाराच्या किंवा लक्षणंच नसलेल्या ६६३ जणांपैकी एकातही नाही. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. निदान काही जणांच्या बाबतीत आजाराआधी घेतलेल्या रक्तातही या अँटीबॉडी होत्या, म्हणजे हा कोविडचा परिणाम नव्हता. हे लोक काही दुबळे नव्हते. त्यांच्या शरीराने उत्तम, नेमक्या, ताकदवान अँटीबॉडी बनवल्या होत्या. फक्त नेम चुकला होता. पेशी दवंडी देत होत्या आणि रक्तातल्या अँटीबॉडी ती वाटेतच गाठून गप्प करत होत्या. अशा माणसाला ‘इम्युनिटी बूस्टर’ देऊन नेमकं काय वाढवायचं? त्याच्या अँटीबॉडी?

आणि ‘वाढवा’ म्हणताना विषाणूंच्या युक्त्या किती वेगवेगळ्या आहेत याचा तरी विचार करायला हवा. डेंग्यूचं उदाहरण घ्या, कारण दर पावसाळ्यात ते आपल्या दाराशी असतं. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-५ हे प्रथिन दवंडी देण्यात नाही, ऐकण्यात खोडा घालतं. शेजारच्या पेशीत इंटरफेरॉनचा निरोप आत नेणारं स्टॅट-२ नावाचं प्रथिन आहे, त्याचाच ते नाश घडवून आणतं. हे त्याला माणसाच्या पेशीत जमतं, उंदराच्या स्टॅट-२ पुढे मात्र त्याचं काही चालत नाही. साध्या प्रयोगशाळेतल्या उंदराला डेंग्यू नीट होत नाही त्याचं हे एक कारण, आणि म्हणून डेंग्यूच्या औषधांची चाचणी बऱ्याचदा इंटरफेरॉन ऐकूच न येणाऱ्या, मुद्दाम घडवलेल्या उंदरांवर करावी लागते. उंदराची प्रतिकारशक्ती काही आपल्यापेक्षा ‘जास्त’ नाही. एका प्रथिनाचा आकार थोडा वेगळा आहे, इतकंच. हिपॅटायटिस सीचा विषाणू वेगळ्या ठिकाणी घाव घालतो. तो मायटोकॉन्ड्रियावरचं निरोप्या प्रथिनच कापून टाकतो. फ्लूचा विषाणू दुहेरी आरएनएवर पांघरूण घालतो. कुठल्या गुळवेलीने यातलं नेमकं काय दुरुस्त होणार?

एवढं मात्र पहिल्या बाजूला द्यायलाच हवं: वय वाढतं तशी ही यंत्रणा खरोखर कमकुवत होते, आणि कुपोषण, अनियंत्रित मधुमेह यांनी आजार बळावतो, हे खोटं नाही. फक्त तिथेही ‘कमकुवत’ म्हणजे नेमकं काय, हे विचारता येतं आणि मोजता येतं. ३४ हजारांहून जास्त निरोगी लोकांच्या रक्ताच्या तपासणीत इंटरफेरॉनविरोधी प्रभावी अँटीबॉडी सत्तरीच्या आत जेमतेम ०.१८ टक्क्यांत होत्या, ऐंशीच्या पुढे ३.४ टक्क्यांत. कोविडने ज्येष्ठ का गेले याच्या अनेक उत्तरांपैकी हे एक ठोस उत्तर आहे. याच अँटीबॉडी पुढे गंभीर फ्लूच्या आणि वेस्ट नाईल विषाणूने मेंदूज्वर झालेल्या रुग्णांतही सापडल्या, तेव्हा ही फक्त करोनाची गोष्ट राहिलेली नाही.

या अँटीबॉडी बहुतांश अल्फा आणि ओमेगा इंटरफेरॉनवर हल्ला करतात. बीटाला त्या क्वचितच हात लावतात. म्हणजे ज्याच्या रक्तात त्या आहेत अशा सत्तरीच्या आजोबांना पुढच्या साथीत पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी इंटरफेरॉन बीटा देऊन पाहणं तर्काला धरून आहे, आणि सॉलिडॅरिटीने त्याविरुद्ध काहीही सिद्ध केलेलं नाही, कारण अशा लोकांना निवडून, इतक्या लवकर, त्या चाचणीत कुणी ते दिलंच नव्हतं. एलायझा या रक्तचाचणीने अशी अँटीबॉडी शोधणं तंत्र म्हणून अवघड नाही. ती इंटरफेरॉनला खरोखर निकामी करते का हे ठरवायला पेशींवरची चाचणी लागते, आणि ती मोठ्या प्रयोगशाळेत करता येते. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणत नाही. पण ज्या ज्येष्ठाला एकदा श्वसनविषाणूच्या संसर्गाने अतिदक्षता विभागात नेलं, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ही एक तपासणी लिहायला काय हरकत आहे?